एबीएसचा दिवा एकटाच पेटला तर

गेल्या पावसाळ्यात आम्ही चौघी पाचगणीजवळच्या एका वाडीवरून वाईला परत निघालो होतो. चिखलाचा रस्ता संपला आणि पसरणी घाट सुरू व्हायच्या आधीच गाडीच्या काट्यांशेजारी पिवळा दिवा पेटला. त्यावर ABS ही अक्षरे होती. दिवा काही विझेना. आता ब्रेक लागतील ना, हाच सगळ्यांचा प्रश्न होता.

आम्ही गाडी बाजूला घेतली आणि आधी लाल दिवा पाहिला. ब्रेकचा लाल दिवा पेटलेला नव्हता. हँडब्रेक सोडलेला असूनही तो लाल दिवा पेटला असता, तर गाडी जागेवरून हलवायची नसते. कारण ब्रेक ऑइल कमी झालेले असू शकते. मग आम्ही सपाट जागी अगदी हळू गाडी चालवून ब्रेक दाबून पाहिला. पेडल नेहमीसारखेच घट्ट होते आणि गाडी सरळ थांबली.

म्हणजे साधे ब्रेक शाबूत होते. पिवळा दिवा एकटाच असतो, तेव्हा बंद पडते ती एबीएसची मदत. आपण जोरात ब्रेक दाबला की चाक जागच्या जागी अडकू शकते. एबीएस ते ओळखून ब्रेकचा दाब क्षणाक्षणाला कमी-जास्त करते आणि चाक फिरते ठेवते. ही मदत नसली की पुढची चाके अडकून घसरतात. मग स्टिअरिंग कितीही फिरवले तरी गाडी वळत नाही, सरळच जाते. ओल्या रस्त्यावर हा धोका फार.

म्हणून आम्ही घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो. वळणाच्या आधीच, गाडी सरळ असतानाच वेग कमी केला. पुढच्या गाडीपासून एरवीच्या दुप्पट अंतर ठेवले.

सवयीतला मोठा फरक पुढेच आहे. एबीएस चालू असताना संकटात ब्रेक पूर्ण दाबून धरायचा असतो, पेडल थरथरले तरी सोडायचा नाही. दिवा पेटलेला असताना मात्र तसे करू नये. ब्रेक चढत्या जोराने दाबावा. टायर घसरल्याचा आवाज आला किंवा स्टिअरिंग ऐकेनासे झाले, तर पाय थोडा सैल करावा. चाक फिरू लागले की पुन्हा दाबावा.

वाईच्या गॅरेजमध्ये मेकॅनिकने यंत्र लावून पाहिले. पुढच्या डाव्या चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरची वायर दगड लागून तुटली होती. वायर जोडली, थोडे अंतर गाडी चालवली आणि दिवा विझला.

उद्या गाडीची चावी फिरवाल तेव्हा एवढे पाहा. हा दिवा काही सेकंद पेटून विझला पाहिजे. मुळीच पेटला नाही, तरीही गाडी दाखवून घ्या.