मुरगळलेला घोटा : लचक की अस्थिभंग?

पावसाळ्यात निसरड्या बांधावरून उतरताना पाय आत वळून घोटा मुरगळणे ही शेतावर नेहमी घडणारी घटना होय. अशा वेळी दोन चुका होतात. सूज आलेला पाय लगेच जोराने चोळला जातो. आणि "चालता येते, म्हणजे हाड मोडलेले नाही" असे समजून जखमी मनुष्य कामास लागतो. पहिल्या चुकीने सूज वाढते, दुसरीने मोडलेले हाड तसेच राहते.

एका गावी भाताच्या लावणीच्या दिवसांत एका शेतकऱ्याचा घोटा असाच मुरगळला. लंगडत का होईना, तो घरापर्यंत चालत आला. घोट्याच्या बाहेरील बाजूस लिंबाएवढी सूज होती. घरातील मंडळी गरम तेलाने चोळण्याच्या तयारीत असता ग्रामसेवक तेथे पोहोचले. त्यांनी चोळणे थांबविले, पाय उशीवर छातीपेक्षा उंच ठेवविला आणि शेजारून आणलेला बर्फ फडक्यात गुंडाळून सुजेवर वीस मिनिटे धरला. बर्फ उघड्या कातडीवर ठेवू नये. तो न मिळाल्यास माठाच्या गार पाण्यात भिजविलेले फडके वारंवार बदलावे. असा गारवा पहिले दोन दिवस जागेपणी दर दोन-तीन तासांनी द्यावा. या काळात शेक, गरम लेप, मालीश आणि मद्य ही वर्ज्य समजावीत. कारण त्यांनी रक्तस्राव व सूज वाढते.

त्यानंतर त्यांनी क्रेप पट्टी बोटांच्या मुळापासून सुरू करून, घोट्याभोवती मराठी आठच्या आकड्याऐवजी इंग्रजी आठच्या आकड्याप्रमाणे फिरवीत, घोट्याच्या वर चार बोटे नेली. पट्टी घट्ट झाली की नाही, हे अंगठ्याचे नख दाबून पाहावे. दाब काढताच दोन-तीन सेकंदांत नखाचा रंग परत आला नाही, किंवा बोटे बधिर, गार अथवा निळसर झाली, तर पट्टी तत्काळ सोडून सैल बांधावी.

परंतु पट्टी बांधण्यापूर्वीच त्यांनी एक महत्त्वाची गोष्ट केली होती. सुजेच्या आकारावरून अस्थिभंग ओळखता येत नाही; साध्या लचकीतही पाय पुष्कळ सुजतो. म्हणून त्यांनी बोटाने हाड दाबून पाहिले. कॅनडातील ओटावा येथील डॉक्टरांनी 1992 साली प्रसिद्ध केलेले यासंबंधीचे नियम आज जगभर वापरले जातात. त्यांप्रमाणे चार जागा पाहावयाच्या असतात. बाहेरील व आतील घोट्याच्या हाडाचे टोक आणि तेथून वर सहा सेंटीमीटरपर्यंतची मागील कड, या पहिल्या दोन. करंगळीकडून टाचेकडे येताना पायाच्या बाहेरील कडेवर मध्यभागी लागणारा हाडाचा उंचवटा ही तिसरी. आणि आतील घोट्याच्या पुढे, पायाच्या कमानीवरील हाड ही चौथी. यांपैकी एकाही जागी हाडावरच दाबल्याने दुखले, तर क्ष-किरण तपासणी करावी. तसेच, दुखापत झाल्याबरोबर आणि नंतर तपासतानाही चार पावले टाकता आली नाहीत, तर तीच वाट धरावी. लंगडत टाकलेले पाऊलही पाऊलच समजावे, मात्र त्या पायावर शरीराचा भार पडला पाहिजे.

या शेतकऱ्यास घोट्याच्या पुढील मऊ भागात दुखत होते. तसे साध्या लचकीतही दुखते. पण बाहेरील घोट्याच्या हाडाची मागील कड दाबताच तो कळवळला. चार पावले टाकता येत असूनही त्यास ग्रामीण रुग्णालयात नेण्यात आले. क्ष-किरण चित्रात त्या हाडास तडा दिसला आणि पायास प्लास्टर घालण्यात आले. सहा आठवड्यांनी हाड जुळल्याचे दिसून आले.

या कसोटीस मर्यादा आहेत. लहान मूल, मद्य घेतलेला मनुष्य, किंवा मधुमेहामुळे पायाची जाणीव कमी झालेला रुग्ण यांच्या उत्तरावर विसंबू नये. त्यांना डॉक्टरांकडेच न्यावे. पाय वाकडा दिसत असेल, हाड बाहेर आले असेल, अथवा बोटे गार व बधिर पडली असतील, तर तपासत बसू नये. पाय सरळ करण्याचा प्रयत्न न करता घोंगडीची घडी त्याभोवती गुंडाळून वर व खाली हलक्या हाताने बांधावी, जखम असल्यास स्वच्छ फडक्याने झाकावी आणि 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

चारही जागी हाड दुखत नसेल व पावले टाकता येत असतील, तर ती बहुधा लचकच होय. दोन दिवसांनंतर सोसवेल तितका पाय वर-खाली हलवावा आणि हळूहळू भार द्यावा. मात्र पाच-सात दिवसांतही पायावर नीट उभे राहता आले नाही, तर पुन्हा डॉक्टरांना दाखवावे.