पौर्णिमेला उधाण का येतं?

पौर्णिमेच्या संध्याकाळी पश्चिमेला सूर्य बुडत असतो, तेव्हाच पूर्वेला चंद्र वर येत असतो. दोघांच्या मधोमध पृथ्वी. एक इकडे ओढतो, दुसरा तिकडे. मग दोन्ही ओढींनी एकमेकींना मारून टाकायला हवं आणि समुद्र शांत राहायला हवा. प्रत्यक्षात त्याच सुमारास किनाऱ्यावर उधाण असतं. हे कोडं सुटलं की भरती-ओहोटीचं बरंचसं गणित सुटतं.

चंद्र समुद्राला ओढतो, हे खरं. पण तो सगळ्या पृथ्वीलाच ओढतो. अंतर वाढेल तशी ही ओढ कमी होते. त्यामुळे चंद्राच्या बाजूचं पाणी पृथ्वीच्या मध्यापेक्षा थोडं जास्त ओढलं जातं, तर पलीकडच्या बाजूचं पाणी मध्यापेक्षा कमी. पुढचं पाणी पुढे सरतं आणि मागचं मागे राहतं. म्हणून फुगवटे दोन तयार होतात, एक चंद्राच्या दिशेला आणि दुसरा बरोबर उलट दिशेला. भरती घडते ती नुसत्या ओढीमुळे नव्हे, तर दोन ठिकाणच्या ओढींमधल्या फरकामुळे.

पृथ्वीच्या एका फेरीत किनारा या दोन्ही फुगवट्यांखालून जातो, म्हणून दिवसात साधारण दोन भरत्या येतात. तेवढ्या वेळात चंद्रही पुढे सरकलेला असतो; त्याला गाठायला पृथ्वीला आणखी पन्नासेक मिनिटं लागतात. भरती रोज उशिरा येते ती यामुळेच. कोकणात यावर एक सोपा हिशेब चालतो: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, अष्टमीला सहाच्या आणि अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास, दुपारी आणि रात्रीही. हिशेब ढोबळ आहे, पण कामाला पुरतो.

आता सूर्य. त्याचं वस्तुमान चंद्राच्या सुमारे 2 कोटी 70 लाख पट आहे आणि तो चंद्रापेक्षा सुमारे 390 पट लांब आहे. अंतराच्या वर्गाने भागलं, तर सूर्याची पृथ्वीवरची ओढ चंद्राच्या जवळजवळ 180 पट भरते. पण आपल्याला हवा आहे ओढीतला फरक. अंतर जितकं मोठं, तितका पृथ्वीच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या बाजूंमधला फरक नगण्य. म्हणून 390 ने आणखी एकदा भागायचं. उत्तर येतं 0.46. भरती घडवण्यात सूर्य चंद्राच्या निम्म्यालाही पुरत नाही, तो असा.

सूर्याचेही फुगवटे दोनच, समोरासमोर. त्यामुळे अमावास्येला दोघं एका बाजूला असोत की पौर्णिमेला विरुद्ध बाजूंना, फुगवटे एकाच रेषेत येतात आणि बेरीज होते: 1 अधिक 0.46. हे उधाण. अष्टमीच्या सुमारास चंद्र आणि सूर्य एकमेकांशी काटकोनात असतात. चंद्राचा फुगवटा जिथे, तिथे सूर्याचा खोलगट भाग येतो आणि वजाबाकी होते: 1 वजा 0.46. ही भांगाची भरती. बेरीज 1.46, वजाबाकी 0.54, म्हणजे उधाण भांगाच्या सुमारे पावणेतीन पट असायला हवं.

हा ताळा मुंबईत अपोलो बंदरावर पाहता येतो. तिथे उधाणात पाणी सरासरी 4.42 मीटरपर्यंत चढतं आणि 0.76 पर्यंत उतरतं; चढउतार 3.66 मीटरचा. भांगात ते 3.30 पर्यंतच चढतं आणि 1.86 च्या खाली फारसं जात नाही, चढउतार 1.44 मीटरचा. गुणोत्तर अडीच पटीचं. आकाशातल्या हिशेबाच्या जवळ जाणारं, पण तंतोतंत नव्हे.

या आकड्यांत आणखी एक गोष्ट आहे. उधाण म्हणजे फक्त उंच भरती नव्हे, ओहोटीही तितकीच खोल. म्हणूनच खडकांवरची कालवं काढायला अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासची ओहोटी धरतात. एरवी बुडालेले खडक तेव्हा उघडे पडतात. डोळ लावणाऱ्या कोळ्यांनाही उधाण हवं असतं. ही पिशवीसारखी जाळी प्रवाहात तोंड करून उभी राहते, आणि तेवढ्याच वेळात जास्त पाणी हलल्यामुळे उधाणात प्रवाह जोराचा असतो. भांगात तो मंदावतो आणि डोळीत मासळी कमी शिरते.

पाण्याची उंची मात्र एकटं आकाश ठरवत नाही. उघड्या महासागरात हा फुगवटा जेमतेम अर्ध्या-एक मीटरचा असतो. उथळ तळ आणि निमुळत्या आखाताचा आकार त्याला वाढवतो. म्हणून एकाच पौर्णिमेला गोव्याच्या किनाऱ्यावर पाणी दोनेक मीटर चढतं-उतरतं, तर खंभातच्या आखातात भावनगरकडे दहा मीटरच्या आसपास. शिवाय एवढं पाणी हलायला वेळ लागतो. त्यामुळे सर्वांत मोठं उधाण बहुधा पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी येतं. पंचांग पाहून किनाऱ्यावर जाणाऱ्याने पौर्णिमा सरली म्हणून निर्धास्त होऊ नये. द्वितीयेचं पाणी तिच्याहून चढलेलं असू शकतं.