आजोबांचं कुलूप

सुरतच्या लिंबायतमधल्या एका खानदेशी घरात आजोबांच्या पेटीला चार आकडी कुलूप होतं. नातवानं हिशेब केला: ०००० ते ९९९९, म्हणजे १०,००० शक्यता. एकेकीला तीन सेकंद धरले, तरी आठ तासांहून जास्त!

आजोबांनी तीन खुणा दिल्या. "मधले दोन आकडे सारखे." शक्यता उरल्या १,०००. "शेवटचा आकडा पहिल्याच्या चौपट." म्हणजे पहिला-शेवटचा ०-०, १-४ किंवा २-८, मधला आकडा दहापैकी कुठलाही. उरल्या फक्त ३०.

"चारही आकड्यांची बेरीज १७."

पोरगा थबकला. मधल्या दोन सारख्या आकड्यांची बेरीज नेहमी समच. मग १७ विषम व्हायला पहिल्या आणि शेवटच्याची बेरीज विषम हवी. ०-० ची शून्य, २-८ ची दहा. दोन्ही सम, म्हणून बाद. राहिलं १-४, बेरीज पाच. मधल्यांसाठी उरले बारा, म्हणजे सहा-सहा.

१६६४. खट्‌कन कुलूप उघडलं.

"आजोबा, हे तर महाराज सुरतेवर आले ते साल!"

"म्हणूनच आता बदलावं लागणार," आजोबा हसले. "इतिहास येणाऱ्याला खुणांची गरजच नाही."