सव्वाआठच्या पुढचा कोन

सीएनसी मिलिंग मशीनच्या स्पिंडलमध्ये बसणाऱ्या बीटी ४० होल्डरचा शंकूसारखा भाग आधी स्वतःच लेथवर घडतो. त्याच्या ड्रॉइंगवर अर्धकोन लिहिलेला असतो : ८ अंश १७ मिनिटे ५० सेकंद. नवा ऑपरेटर प्रोग्राममध्ये सरळ ८.१७५ टाकतो आणि फसतो.

फसवणूक साठाची आहे. एका अंशात साठ मिनिटे आणि एका मिनिटात साठ सेकंद असतात (पंचांगातल्या कला-विकलांचा हिशोबही हाच), पण कंट्रोलरला दशांशच कळतो. म्हणून उलटीकडून चालायचे. ५० सेकंदांना ६० ने भागले की ०.८३३३ मिनिट मिळते. ते १७ मध्ये मिळवून १७.८३३३ ला पुन्हा ६० ने भागले की ०.२९७२ अंश येतो. कोन झाला ८.२९७२.

उत्तर बरोबर की चूक, हे घड्याळावरून कळते. आठ वाजून सतरा मिनिटे म्हणजे सव्वाआठ होऊन गेलेले, तेव्हा आकडा ८.२५ च्या पुढेच हवा. ८.१७५ ला तर अजून सव्वाआठही वाजलेले नाहीत!

फरक अंशाच्या आठव्या हिस्स्याएवढाच. पण टेपर ६५.४ मिलिमीटर लांब आहे. बारीक टोक २५.३७५ वर बरोबर धरले, तर जाड टोकाचा व्यास ४४.४५ ऐवजी सुमारे ४४.१६५ येतो, म्हणजे पाव मिलिमीटरहून जास्त कमी. जॉबला ब्लू लावून रिंग गेजमध्ये फिरवला की निळा रंग फक्त बारीक टोकाला पुसला जातो, जाड टोक कोरेच राहते. हाताने हलवले तर जॉब गेजमध्ये डुलतो.

फानुकच्या ज्या लेथवर कोन थेट देण्याची सोय असते, तिथे तो सहसा Z च्या अधिक दिशेपासून मोजतात. कटिंग बारीक टोकाकडून चककडे, म्हणजे उलट दिशेने जाते, म्हणून १८० मधून ८.२९७ वजा करायचे. काही मशीनवर A च्या आधी स्वल्पविरामही लागतो.

```
G01 X25.375 Z0
Z-65.4 A171.703
```

तीन दशांश स्थळे इथे पुरतात. चूक अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास राहते. मात्र ‘८.३ म्हटले तरी चालेल’ म्हणणाऱ्याच्या जॉबमध्ये व्यासात साडेसहा मायक्रॉनचा फरक पडतो. अशा टेपरला तो परवडत नाही.

खरे तर इथे कोनाची गरजही नाही. हा टेपर मुळात ७/२४ प्रमाणाचा आहे, ८ अंश १७ मिनिटे ५० सेकंद हा त्याचाच पूर्णांकात बसवलेला आकडा. ६५.४ ला ७/२४ ने गुणले की व्यासातला फरक नेमका १९.०७५ येतो. मुरलेला सेटर दुसऱ्या ओळीत कोन न लिहिता X44.45 Z-65.4 देऊन मोकळा होतो.