सरासरी १२९ किलो

सिंहगड रस्त्यावरच्या एका हॉटेलचे मालक, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, एक कागद घेऊन माझ्याकडे आले. महापालिकेला त्यांनी स्वतः लिहिलेलं पत्र होतं, चार ओळींचं. “आमच्या हॉटेलात दररोज अंदाजे ९० किलो ओला कचरा निघतो. आवारातच खत करण्याची आमची तयारी आहे. तरी आमची नोंदणी करून सहकार्य करावे ही विनंती.” खाली सही-शिक्का. क्षेत्रीय कार्यालयातून शेरा मारून ते परत आलं होतं: ‘आकडेवारी व आराखडा जोडावा.’

मी घनकचऱ्याचे आराखडे करून देतो, त्यामुळे असे कागद नेहमीचेच. अण्णांचा प्रश्न मात्र रास्त होता. “अहो, शंभर किलोच्या वर असेल तर मोठा कचरा करणारा ना? माझा नव्वद. मग नोंदणी कशाला? एकानं सांगितलं म्हणून गेलो, तर हे वर आणखी कागद मागतात.”

बहुतेक हॉटेलवाले इथेच चुकतात. शंभर किलोची अट ओल्या कचऱ्यापुरती नाही, सगळ्या प्रकारचा कचरा मिळून आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांतही ती तशीच होती आणि १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या नियमांतही आहे. नव्या नियमांत आणखी दोन कसोट्या आल्या आहेत: २० हजार चौरस मीटर चटईक्षेत्र, किंवा दिवसाला ४० हजार लिटर पाण्याचा वापर. तिन्हींपैकी एक जरी लागू पडली तरी तुम्ही मोठे कचरा निर्माते. अण्णांचं हॉटेल चोवीस खोल्यांचं, खाली जेवणाचा हॉल. क्षेत्रफळ आणि पाणी दोन्ही मर्यादेच्या बरंच आत. प्रश्न फक्त वजनाचा होता, आणि ‘अंदाजे ९०’ला काट्यावर कुणी उभं केलेलं नव्हतं.

म्हणून आधी सात दिवस वजन. सलग सात, म्हणजे शनिवार-रविवार त्यात आलेच पाहिजेत. मागच्या दाराशी वजनकाटा ठेवला आणि रिकाम्या डब्याचं वजन प्रत्येक डब्यावर रंगानं लिहून टाकलं, ते वजा करायला विसरू नये म्हणून. भांडी घासणाऱ्या मावशींनी पहिल्याच दिवशी एक अडचण दाखवली. ताटातलं खरकटं डब्यात जायच्या आधी बराचसा रस्सा आणि भात मोरीत जात होता, तो कुणाच्याच हिशेबात नव्हता. मोरीवर जाळी बसवली, मग आकडा खरा झाला. सोमवार ते शुक्रवार ओला कचरा रोज ८२ किलोच्या आसपास, शनिवारी ११२, रविवारी १३८. आठवड्याची सरासरी ९४. सुका कचरा ३१ किलो, त्यात पाण्याच्या बाटल्या, खोकी आणि तेलाचे डबे. खोल्यांमधला सॅनिटरी आणि बल्ब-सेलसारखा वेगळा ठेवायचा कचरा ४ किलो. बेरीज १२९.

अण्णा काही वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “म्हणजे आहेच.”

नव्या पत्राची सुरुवात मग अशी झाली: ‘प्रति, मा. उपायुक्त, घनकचरा व्यवस्थापन विभाग. विषय: मोठे कचरा निर्माते म्हणून नोंदणी व आवारातील खतप्रकल्पाचा आराखडा सादर करणेबाबत.’ पहिल्याच परिच्छेदात १२९ हा आकडा, आणि सात दिवसांची नोंदवही परिशिष्ट म्हणून. नव्या नियमांत मध्यवर्ती पोर्टलवर नोंदणीची तरतूद आहे, पण तिथल्या रकान्यांत भरायलाही हेच आकडे लागतात. एकदा वजन नीट केलं की पुढचं सगळं काम त्यावर उभं राहतं.

आराखड्याकडे वळलो तेव्हा अण्णांनी खिशातून एक माहितीपत्रक काढलं. ‘२४ तासांत खत’ करणारं यंत्र. हे यंत्र आत नेमकं काय करतं ते पाहायला हवं. खरकट्यात जवळपास ऐंशी टक्के पाणी असतं. यंत्र हीटरनं ते पाणी उडवतं, उरलेलं कुटतं आणि तपकिरी भुकटी बाहेर काढतं. शंभर किलोचे वीस किलो होतात ते पाणी गेल्यामुळे, कुजल्यामुळे नव्हे. ती भुकटी ओली करून दोन दिवस ठेवा, आंबट वास परत येतो. झाडाच्या मुळाशी घातली तर ती तिथेच कुजायला लागते आणि मुळं होरपळतात. शिवाय पाण्याची वाफ करायला ठरावीक ऊर्जा लागतेच, यंत्र कुणाचंही असो. अण्णांच्या कचऱ्यातलं पाणी साध्या हीटरवर उडवायचं तर रोजची चाळीस-पंचेचाळीस युनिटं त्यातच जातील. जागा अगदीच नसेल तर वजन कमी करायला ते यंत्र घ्यावं, माझी हरकत नाही. पण पत्रात त्याला ‘खत’ म्हणू नये. ती भुकटी नंतर काही आठवडे कुजवावीच लागते.

अण्णांकडे मागच्या बाजूला जागा होती. पाच खणांचा आराखडा ठरला, भाजक्या विटांचे, भिंतींना हवेसाठी भोकं सोडलेले. प्रत्येक खण लांबी-रुंदीला १.२ मीटर आणि एक मीटर उंच. हे माप का, ते सांगतो.

९४ किलोंतून करवंट्या, शहाळी आणि मोठी हाडं मिळून आठ किलो बाजूला काढायची, कारण ती वेळेत कुजत नाहीत. उरले ८६. त्यातलं ऐंशी टक्के पाणी, म्हणजे घट्ट माल जेमतेम १७ किलो. कुजवणारे जंतू हवेवर जगतात आणि ढिगात साठ टक्क्यांहून जास्त पाणी असेल तर हवेला जागाच उरत नाही. ओल खेचायला लाकडाचा भुसा घालायचा. विक्रेते ‘दहा टक्के भुसा पुरे’ असं सर्रास सांगतात. हिशेब मांडला तर ८६ किलो असल्या मालाला ३५ किलो कोरडा भुसा लागतो, चाळीस टक्के! पुण्यातले कितीतरी खतप्रकल्प याच फरकापायी वास मारून बंद पडले, हे माझं रोज पाहून झालेलं मत आहे.

यावर उपाय साधा होता. माल खणात टाकण्याआधी जाळीच्या टबात तासभर निथळत ठेवायचा. सतरा लिटर पाणी खाली उतरलं, ते मोरीच्या चरबी अडवणाऱ्या टाकीतून गटारात गेलं, आणि माल उरला ६९ किलो. याला भुसा लागतो २१ किलो. म्हणजे रोज खणात ९० किलो. आयतन धरलं तर १८० लिटरच्या आसपास. एक खण आठ दिवसांत भरायला हवा, पण ढीग बसत जातो म्हणून दहा दिवस लागतात. पाचवा खण भरेपर्यंत पहिल्यातला सगळ्यात वरचा थरही चाळीस दिवसांचा झालेला असतो. मग तो उपसून चाळायचा. पाच खण त्यासाठीच. तीनच केले असते तर अर्धकच्चा माल बाहेर काढावा लागला असता.

पत्रात भुशाची सोयही लिहिली, कारण महिन्याला सहाशे किलोंहून जास्त भुसा हवेतून येत नाही. वखारीच्या मालकाचं संमतीपत्र जोडलं आणि ‘प्लायवुडचा भुसा घेणार नाही’ असं त्यात मुद्दाम घातलं, त्यात डिंकाची रसायनं असतात. पावसाळ्यासाठी पंधरा दिवसांचा भुसा पत्र्याखाली साठवायची जागा नकाशावर दाखवली. ओला भुसा ओल खेचत नाही, आणि जूनमध्ये नेमका हाच प्रश्न येतो.

जागेवरून एक गाडं अडलं होतं. अण्णांना खण इमारतीच्या कडेच्या मोकळ्या पट्टीत हवे होते. ती सामासिक अंतराची जागा. मंजूर नकाशात ती मोकळी दाखवलेली असते आणि अग्निशमनाची गाडी तिथून आत येते. तिथे विटांचं बांधकाम दाखवलं असतं तर घनकचरा विभाग खूश होता आणि बांधकाम विभागाची नोटीस आली असती. शेवटी मागच्या कोपऱ्यात, स्वयंपाकघराच्या दारापासून सोळा पावलांवर जागा निघाली. त्याहून लांब असतं तर डबे वाहणारा माणूस पावसात ते तिथपर्यंत नेईल याची मी खात्री दिली नसती.

पत्रात ‘दुर्गंधी येणार नाही’ असं वाक्य अण्णांनी घातलं होतं, मी ते खोडलं. दुर्गंधी येते. आली की काय करणार, हे लिहावं. अंडं सडल्यासारखा वास आला तर हवा कमी पडली, ढीग उलथायचा आणि भुसा वाढवायचा. अमोनियाचा, डोळ्यांत जाणारा वास आला तरी भुसा कमी पडलाय, पण ओलीसाठी नव्हे, कार्बनसाठी. आणि रोजची तपासणी: ढिगात लोखंडी सळई घुसवून पाच मिनिटांनी बाहेर काढायची. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती हातात धरवत नसेल तर ढीग तापला, ५५ अंशांवर तीन दिवस राहिला की रोगजंतू मरतात. सळई थंड असेल तर बहुधा माल ओला आहे. मूठभर माल दाबून पाहायचा. बोटांतून एक-दोन थेंबच यावेत, धार आली तर जास्त ओला.

तयार खत किती निघेल? भुसा धरून रोज पंचवीस किलोंच्या आसपास, म्हणजे महिन्याला साडेसातशे. अण्णांच्या पहिल्या कच्च्या मजकुरात ‘खत आमच्या बागेत वापरू’ असं होतं. बाग म्हणजे दारातल्या बारा कुंड्या. नर्सरीवाल्याचं पत्र जोडलं. पण नर्सरीवाल्यानं विचारलं, “त्यात मीठ किती?” खरकट्यात मीठ आणि तेल असतंच. खतनियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टची विद्युतवाहकता ४ पेक्षा जास्त नसावी अशी मर्यादा आहे, ती याच कारणासाठी. म्हणून दर तीन महिन्यांनी प्रयोगशाळेचा अहवाल, आणि त्याआधी घरचा प्रयोग: एका कुंडीत माती आणि खत मिसळून मेथी पेरायची. नुसत्या मातीतली चांगली उगवली आणि खतातली पिवळी पडली, तर माल अजून कच्चा किंवा खारट आहे. तो परत खणात.

पाहणीला आलेल्या निरीक्षकांनी खण पाहिले, सळई मागवली, आणि मग नोंदवहीचं रविवारचं पान उघडलं. “सरासरी ठीक आहे हो. पण या १३८ किलोंना भुसा किती?”

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी बेरीज करायच्या आत मावशी मागून म्हणाल्या, “रविवारी एक पोतं जास्त उघडतो आम्ही. तीस-एकतीस किलो जातोच.”

निरीक्षकांनी पत्राच्या समासात पेन्सिलीनं लिहिलं: ‘रविवार, भुसा ३१ किलो.’ आणि अण्णांना म्हणाले, “हे मजकुरात घाला, आणि उद्या आवक विभागात द्या.”