सोशल मीडिया आणि परीक्षेचा ताण: प्रश्न मोजता येईल असा कसा करायचा

आजच्या भागात एकच प्रश्न हातात घेऊ आणि तो कापत, जोडत, बदलत शेवटी कुठे नेता येतो ते पाहू. प्रश्न माझा नाही. दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी वसाहतीत राहणाऱ्या, बारावीत मानसशास्त्र घेतलेल्या एका मराठी मुलीचा आहे. तिला स्वतःहून एक छोटी पाहणी करायची होती. वहीत तिने लिहून आणलं होतं: "सोशल मीडियाचा विद्यार्थ्यांच्या परीक्षेच्या ताणावर काय परिणाम होतो?"

ऐकायला बरं वाटतं, पण यातला प्रत्येक शब्द सैल आहे. सोशल मीडिया म्हणजे इन्स्टाग्रामच्या रील, की वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप गट, ज्यावर उद्याच्या चाचणीचा अभ्यासक्रम येतो? यूट्यूबवर भौतिकशास्त्राचा धडा बघणारा मुलगा कुठल्या खान्यात टाकायचा? विद्यार्थी म्हणजे सहावीचे की नीटची तयारी करणारे? ताण म्हणजे झोप न लागणं, पोटात गोळा येणं, की 'मी नापास होणार' हा विचार? आणि सगळ्यात अवघड शब्द 'परिणाम'. तो वापरला की कारण कोणतं आणि कार्य कोणतं हे सिद्ध करण्याची जबाबदारी आपल्यावर येते.

मी हे सगळं विचारल्यावर तिने दुसरा प्रश्न काढला: "काका, सोशल मीडिया नसताच तर मुलांना एवढा ताण आला असता का?" हा रुंद नाही, नेमका आहे. पण तपासता येत नाही, कारण सोशल मीडिया नसलेली, बाकी सगळं तसंच असलेली दिल्ली आपल्याला कुठे मिळणार?

अशा प्रश्नाला कधीकधी नशिबाने वाट मिळते. 2004 ते 2006 या काळात फेसबुक अमेरिकेतल्या कॉलेजांना एकदम नाही, तर टप्प्याटप्प्याने खुलं झालं. त्यामुळे एकाच वेळी काही कॉलेजांत ते होतं आणि काहींत नव्हतं. ब्रागिएरी, लेवी आणि माकारिन या अर्थशास्त्रज्ञांनी नंतर याच फरकाचा उपयोग केला आणि फेसबुक आल्यावर विद्यार्थ्यांचं मानसिक आरोग्य काहीसं खालावलं, असा निष्कर्ष 2022 मध्ये प्रसिद्ध केला. म्हणजे 'नसतं तर' हा प्रश्न मुळातच निरर्थक नसतो, त्याला तुलना करायला जागा लागते. आपल्या मुलीकडे ती नव्हती. तिच्या ओळखीत फोन नसलेला बारावीचा विद्यार्थी एकही नव्हता.

मग बहुतेक जण जी वाट धरतात तीच तिनेही सुचवली: साठ मुलांकडून फॉर्म भरून घ्यायचा, रोज किती तास फोन आणि ताण किती, आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवायचे. या वाटेत तीन खड्डे आहेत. ते नीट पाहू, कारण प्रश्नाचा खरा आकार तिथेच ठरतो.

पहिला खड्डा ताणाच्या मोजपट्टीचा. शेल्डन कोहेन यांची 1983 ची ताणाची प्रश्नावली जगभर वापरतात. तिच्या दहा प्रश्नांच्या आवृत्तीत 0 ते 40 गुण येतात. पण ती मागच्या महिन्यातल्या एकूण आयुष्याबद्दल विचारते, परीक्षेबद्दल नाही. आता सरोजिनी नगरचं बघा. जुनी सरकारी घरं पाडून तिथे उंच इमारती बांधण्याचं काम गेली काही वर्षं चाललंय. कुणाच्या घरी क्वार्टर सोडायची नोटीस, कुणाच्या वडिलांच्या बदलीची चर्चा. त्या मुलाचे गुण 28 आले, तर त्यात परीक्षा किती आणि सामानाची बांधाबांध किती, हे आकडा सांगणार नाही. परीक्षेच्या भीतीसाठी वेगळ्या प्रश्नावल्या आहेत, पण त्यातल्या पुष्कळशा 'एरवी परीक्षेच्या वेळी तुम्हाला कसं होतं' असं विचारतात. म्हणजे स्वभाव मोजतात. स्वभाव मंगळवारी एक आणि गुरुवारी दुसरा असा बदलत नाही.

दुसरा खड्डा माणसा-माणसातल्या फरकाचा. ज्या मुलीच्या घरी शांत खोली आहे, ट्यूशन आहे, गुण चांगले आहेत, तिचा फोनही कमी आणि ताणही कमी असू शकतो. मग संबंध दिसेल, पण तो फोनचा नसेल, घराचा असेल. उलट दिशाही आहे: घाबरलेला मुलगाच पुस्तक मिटून रील उघडतो. फॉर्म एकदाच भरला तर आधी काय झालं हे कधीच कळत नाही.

तिसरा खड्डा आकाराचा. ऑक्सफर्डच्या एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू शिबिल्स्की यांनी 2019 मध्ये साडेतीन लाखांहून अधिक किशोरांची माहिती तपासली. मुला-मुलांच्या मनःस्वास्थ्यात जो फरक असतो, त्यातला जास्तीत जास्त 0.4 टक्के भाग डिजिटल साधनांच्या वापराशी जोडता आला. ते काम परीक्षेच्या ताणावर नव्हतं, पण इशारा पुरेसा आहे. इतका बारीक संबंध साठ फॉर्मांत दिसणं म्हणजे भर बाजारात कुजबुज ऐकणं.

इथे तिची पहिली प्रतिक्रिया प्रश्न भलताच आवळण्याची होती: फक्त मुली, फक्त विज्ञान शाखा, फक्त इन्स्टाग्राम, रात्री अकरानंतर. अशाने प्रश्न तपासण्यायोग्य होत नाही. उत्तर देणाऱ्या चारच मैत्रिणी उरतात, एवढंच. मला वाटतं नवख्यांना 'प्रश्न अरुंद करा' हा सल्ला देऊन आपण अर्धंच सांगतो. अरुंद करायचं ते माणसांचं वर्तुळ नाही. तुलना नेमकी करायची.

म्हणून आम्ही तुलनाच बदलली. एका मुलाची दुसऱ्याशी नाही, तर त्या मुलाची त्याच्याशीच. ज्या रात्री तो स्वतःच्या नेहमीपेक्षा जास्त वेळ फोनवर होता, त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याची परीक्षेची काळजी जास्त असते का? घर, गुण, स्वभाव, ट्यूशन हे सगळं दोन्ही दिवशी सारखंच असल्यामुळे तुलनेतून गळून पडतं. आणि रात्र आधी, दुसरा दिवस नंतर, त्यामुळे क्रमही ठरतो.

आता मोजायचं काय ते ठरवलं. सोशल मीडिया म्हणजे इन्स्टाग्राम, स्नॅपचॅट आणि यूट्यूबचे शॉर्ट्स. व्हॉट्सअ‍ॅप वगळलं, कारण त्यात अभ्यास आणि गप्पा वेगळ्या काढता येत नाहीत. पण फोनमधली नोंद यूट्यूबचा पूर्ण वेळ एकत्रच दाखवते, शॉर्ट्स वेगळे नाहीत. म्हणून यूट्यूबही गेलं आणि दोनच अ‍ॅप उरली. मिनिटं आठवणीवर विचारायची नाहीत, कारण आठवणीतली मिनिटं आणि फोनमधली मिनिटं यांचा मेळ पुष्कळदा बसत नाही. रात्री दहा वाजता त्या दोन अ‍ॅपचा दिवसभराचा आकडा लिहायचा, सकाळी उठल्यावर कालचा अंतिम आकडा बघायचा आणि वजाबाकी करायची. मध्यरात्री आकडा शून्यावर येतो, म्हणून बाराच्या पुढची मिनिटं सकाळच्या ताज्या आकड्यातून घेऊन मिळवायची. काळजीसाठी रोज संध्याकाळी पाच वाजता एकच प्रश्न: आज बोर्डाच्या परीक्षेची काळजी 0 ते 10 मध्ये किती वाटली?

एक प्रश्न ही मोजपट्टी ओबडधोबड आहे, मान्य. पण दहा प्रश्न रोज चौदा दिवस कोणी भरत नाही, आणि भरले तरी चौथ्या दिवसापासून डोळे मिटून भरतात.

आता एक काल्पनिक उदाहरण मांडतो, म्हणजे हिशेब दिसेल. एका मुलीच्या सात रात्रींची मिनिटं अशी: 20, 70, 35, 95, 30, 60, 40. सरासरी 50. तिच्यासाठी 'जास्त' रात्री तीन: 70, 95 आणि 60. त्यांच्या दुसऱ्या दिवशी तिने काळजी 6, 7 आणि 5 दिली, सरासरी 6. उरलेल्या चार रात्रींनंतर 5, 5, 4 आणि 6, सरासरी 5. म्हणजे तिच्यापुरता फरक एक गुण, जास्तीच्या बाजूला. सोबत्याच्या सरासरीशी आपलं देणंघेणं नाही. तो रोज तीन तास बघत असला तरी त्याची तुलना त्याच्या तीन तासांशी.

असे वीस जण घेतले, तर फरक कितींचा जास्तीच्या बाजूला असेल? काहीच संबंध नसेल तर नाणं उडवल्यासारखं, साधारण दहांचा. वीस नाण्यांत 12 किंवा जास्त छापे तर दर चार खेळांत एकदा येतात, त्यात नवल नाही. 15 किंवा जास्त मात्र शंभरात दोनदाच. म्हणून माहिती गोळा करण्यापूर्वीच तिने वहीत लिहिलं: पंधरा किंवा जास्त आले तर संबंध दिसला म्हणेन, कमी आले तर दिसला नाही म्हणेन. ज्यांचा फरक अगदी शून्य येईल त्यांना मोजायचं नाही, आणि असे निघाले तर उरलेल्या संख्येसाठी सीमा पुन्हा काढायची. आकडे बघून मग सीमा ठरवली असती, तर प्रश्न पुन्हा न तपासता येणारा झाला असता, फक्त अंकांचे कपडे घालून.

दिवस कोणते निवडायचे हेही प्रश्नाचाच भाग ठरला. सीबीएसईच्या परीक्षा फेब्रुवारीच्या मध्यावर सुरू होतात. पेपर जवळ आले की काळजी रोज चढते आणि त्याच दिवसांत आई फोन कपाटात ठेवते. नुसते आकडे मांडले तर फोन कमी झाल्यानेच काळजी वाढली असं दिसेल! म्हणून पूर्वपरीक्षेच्या आधीचा पंधरवडा नको, आणि प्रत्येक रात्रीची तुलना त्याच आठवड्यातल्या रात्रींशीच करायची. नोव्हेंबरही नको. धुरक्यामुळे 2023 आणि 2024 मध्ये त्या महिन्यात दिल्लीतल्या शाळांचे प्रत्यक्ष वर्ग बंद ठेवावे लागले होते, आणि वर्ग घरून सुरू झाले की झोपेपासून फोनपर्यंत सगळंच बदलतं. उरले डिसेंबरचे पहिले दोन आठवडे.

एक वाट अजून उघडी होती: काळजीच्या संध्याकाळीच मुलं रात्री जास्त फोन बघत असतील तर? त्यासाठी वेगळी माहिती लागत नाही. पाच वाजताचा आकडा आणि त्याच रात्रीची मिनिटं अशी उलटी जोडी लावून तोच हिशेब करायचा. दोन्हीकडे पंधरा आले, तर कोण कुणाला ओढतंय हे या पाहणीतून सुटणार नाही, असं अहवालात लिहायचं.

शेवटी वहीत उरलेला प्रश्न असा: "बारावीच्या वीस विद्यार्थ्यांत, डिसेंबरच्या चौदा दिवसांत, ज्या रात्री दहानंतर इन्स्टाग्राम आणि स्नॅपचॅटचा वापर त्या विद्यार्थ्याच्या त्या आठवड्याच्या सरासरीपेक्षा जास्त होता, त्यानंतरच्या संध्याकाळी त्याने नोंदवलेली बोर्डाची काळजी इतर दिवसांपेक्षा जास्त असते का?" लांबलचक आहे, भाषेच्या शिक्षकांना आवडणार नाही. पण यात 'परिणाम' हा शब्द नाही, आणि उत्तर 'नाही' येऊ शकतं. 'नाही' आलं तरी त्याचा अर्थ संबंध नाहीच असा होत नाही. वीस जणांत ठळक गोष्टच पकडता येते.

सुरू करण्यापूर्वी तिने अठराखालच्या सोबत्यांच्या पालकांची लेखी परवानगी घेतली आणि वहीत नावांऐवजी क्रमांक टाकले. मिनिटांचे स्क्रीनशॉट मागवले नाहीत, कारण त्यात बाकीची अ‍ॅपही दिसतात. आणि कुणी सलग 9-10 लिहू लागलं तर पाहणी बाजूला ठेवून शाळेच्या समुपदेशकांना सांगायचं, टेली-मानसचा 14416 हा क्रमांक द्यायचा, हे पहिल्या पानावर लिहून ठेवलं.