पाहुण्या गेल्यावर लिहायचा मेल

महाविद्यालयांच्या उद्योजकता कक्षांकडून, म्हणजे मुलं ज्याला 'ई-सेल' म्हणतात तिथून, पाहुण्या वक्त्यांना जाणारे आभाराचे मेल बहुतेक एकाच साच्याचे असतात. 'आपल्या प्रेरणादायी मार्गदर्शनाबद्दल आम्ही आपले ऋणी आहोत. विद्यार्थ्यांना खूप लाभ झाला.' वरचं नाव बदललं की तोच मजकूर पुढच्या पाहुण्याला चालतो, आणि वाचणाऱ्याला ते लगेच कळतं. कामाचा एक दिवस मोडून आलेल्या माणसाला आपल्या बोलण्यातलं मुलांजवळ काय राहिलं, हे जाणून घ्यायचं असतं.

समजा, सांगली जिल्ह्यात बेदाण्याचा व्यवसाय करणाऱ्या एक उद्योजिका अभियांत्रिकीच्या मुलांशी बोलून गेल्या. त्यांनी सांगितलं, की या धंद्यात यंत्रांपेक्षा अडकलेला पैसा जास्त त्रास देतो. बेदाणा तयार होतो उन्हाळ्यात. तेव्हाच तो विकत घेऊन शीतगृहात ठेवावा लागतो. मागणी वाढते सणासुदीला, आणि माल गेल्यावरही व्यापाऱ्याकडून पैसे यायला वेळ लागतो. वहीत नफा दिसत असतो आणि पगाराच्या दिवशी बँकेत पैसे नसतात.

आभाराच्या मेलचा गाभा इथे आहे, आणि तो व्याख्यान चालू असतानाच गोळा करावा लागतो. आयोजक मुलं तेव्हा माईक, पुष्पगुच्छ आणि चहा यांत अडकलेली असतात. म्हणून एकाला दुसरं कुठलंच काम न देता वही घेऊन पुढच्या रांगेत बसवावं. वक्त्यांचं एखादं उदाहरण, मुलांनी विचारलेले प्रश्न आणि कशावर सभागृहात कुजबुज झाली, एवढं त्यानं टिपलं तरी पुरे. शुक्रवारच्या या कार्यक्रमाचा मेल मग सोमवारी सकाळी असा जाऊ शकतो:

'विषय: शुक्रवारचं व्याख्यान – आभार, छायाचित्रं आणि प्रवासखर्च

आदरणीय मॅडम,

शुक्रवारी आमच्याशी बोलायला आलात, त्याबद्दल मनापासून आभार. नफा असूनही हातात पैसे का नसतात, हे आपण बेदाण्याच्या हंगामावरून समजावलंत. आमच्यातला एक गट भाज्या सुकवून विकायच्या विचारात आहे. त्यांनी शनिवारी बसून आपल्या हिशेबात "पैसे हातात येण्याचा महिना" असा नवा रकाना घातला. पहिले चार महिने पैसे नुसते बाहेरच जाणार, हे त्यांना तेव्हा दिसलं. आता ते आधी लहान प्रमाणात सुरुवात करणार आहेत.

आपल्या गाडीभाड्याची पावती लेखा विभागात दिली आहे. रक्कम गुरुवारपर्यंत आपल्या खात्यात जमा होईल. छायाचित्रांचा दुवा खाली आहे.

आपली,
विद्यार्थी समन्वयक, उद्योजकता कक्ष'

यातलं शनिवारचं वाक्य काढलं, तर मेल पुन्हा साच्यातला होतो. म्हणून त्या गटाशी बोलण्यासाठी दोन दिवस थांबणं मला योग्य वाटतं. आठवडा मात्र जाऊ देऊ नये. मुलांनी काहीच केलं नसेल तर तसं रचून लिहू नये. कुणी विचारलेला एक खरा प्रश्नही पुरतो.

प्रवासखर्चाची ओळ काहींना आभारात खटकेल. मला ती आदराचीच वाटते, कारण स्वतःच्या पैशांची आठवण करून देणं पाहुण्यांना अवघड जातं. पण तारीख लिहिण्यापूर्वी लेखा विभागात जाऊन विचारावं. कुणाची सही बाकी असेल तर गुरुवार टळतो आणि शब्दही जातो.

छायाचित्रांचं घोडं एका बारीक गोष्टीवर अडतं. गूगल ड्राइव्हमधलं फोल्डर मुळात Restricted असतं. दुवा तसाच पाठवला तर उद्योजिकांना फोटोंऐवजी परवानगी मागण्याचं पान दिसतं. तिथे Anyone with the link निवडून, मग गूगलमधून बाहेर पडून तो दुवा स्वतः उघडून पाहावा. शंभर फोटो ओतण्यापेक्षा निवडक आठ-दहा बरे.

याच मेलमध्ये इंटर्नशिप किंवा पुढच्या महोत्सवाचं प्रायोजकत्व मागायचा मोह होतो. मागणं गैर नाही, पण ते वेगळ्या पत्रात आणि काही दिवसांनी मागावं. एकत्र लिहिलं तर वरचे आभार त्या मागणीसाठीच होते असं वाटतं.

मार्गदर्शक प्राध्यापकांना प्रत जावी, म्हणजे पैशांचा शब्द महाविद्यालयाच्या माहितीत राहतो. आणि मेल कुणा विद्यार्थ्याच्या खासगी पत्त्यावरून न जाता कक्षाच्या पत्त्यावरून जावा. समन्वयक दरवर्षी बदलतात. पुढच्या वर्षीच्या मुलीला त्याच उद्योजिकांना पुन्हा बोलवायचं असेल, तर त्या काय बोलल्या आणि भाज्यांच्या गटानं पुढे काय ठरवलं, हे तिला तिथेच वाचायला मिळेल.